आतल्या तोंडाची चिठ्ठी

दीपमालाचं लग्न झालं ते कोरोनाचं दुसरं साल. माणसं पंचवीस आणि वेळ दोन तास, एवढीच परवानगी होती. अक्षता पडल्या, पुरीभाजीची पाकिटं वाटली आणि तोंडाला फडकी बांधून वऱ्हाड दुपारच्या आत पांगलं. तिच्या बापाला, आसारामला, त्याचं वाईट वाटलं नाही. पोरगी काही परक्या घरात जात नव्हती. ती बजरंगच्या घरात जात होती, आणि बजरंग म्हणजे आसारामचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं सिंदफणेच्या डोहात एकाच दुपारी पोहायला शिकलेले. ह्या लग्नापर्यंत ते एकमेकांना आश्या आणि बज्या म्हणायचे. बोहल्यावर अक्षता पडल्या तशी बायकांनी दोघांना दटावलं, आणि त्या दिवसापासून ते एकमेकांना पाव्हणं म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

बजरंग गावच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. जखम धुवायची, पट्टी बांधायची, टाके काढायचे, डॉक्टर गळू फोडताना हात द्यायचा, आणि डॉक्टर नसला तर स्वतःच फोडायचं. तीस वर्षं हेच काम. डॉक्टर यायचे, वर्ष दोन वर्षं राहायचे, बदलून जायचे. बजरंग तिथंच. म्हणून गाव त्याला बजरंग डॉक्टर म्हणायचं. डॉक्टर काय बोलला ते पेशंटला बजरंगनं सांगायचं, अशीच तिथली रीत पडली होती. डॉक्टर शहरातल्या बोलीत चार वाक्यं बोलणार, बजरंग ती गावच्या बोलीत एका वाक्यात सांगणार. त्या एका वाक्यावर गावानं तीस वर्षं गोळ्या खाल्ल्या.

आसाराम उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. दोन ट्रॉल्या मागं जोडून फडातून कारखान्यापर्यंत, हंगामाचे पाच महिने. त्या सालच्या आषाढात, हंगाम नसताना, त्याच्या बैठकीच्या जागी, विष्ठेच्या वाटेच्या डाव्या बाजूला, बोराएवढी गाठ आली. दोन दिवसांत ती लिंबाएवढी झाली. लाल, गरम, हात लावू देईना. बसता येईना, खोकलं तरी कळ मस्तकात जाई. रात्री थंडी वाजून ताप आला. कुणाला सांगायची ती जागा नव्हे. त्यानं बायकोला, मंगललाही, आधी मूळव्याध म्हणून सांगितलं. बजरंगला मात्र सांगितलं. त्याला नाही सांगायचं तर कुणाला.

दवाखान्यात तेव्हा डॉक्टर आफ्रीन म्हणून एक पोरगी होती. माजलगावच्या एका मिस्तरीची लेक, नुकती शिकून आलेली, सरकारी सेवेचं एक वर्ष भरायला. आसारामला पालथं निजवलं, वर चादर टाकली. बाईमाणसाच्या पुढ्यात असं पडायचं म्हणून त्यानं तोंड उशीत खुपसून घेतलं. बधिर करायची सुई टोचली तेव्हा त्यानं उशी चावली. मग पातं बसलं, आणि आतून जे निघालं त्याचा वास खोलीभर सुटला. दोन दिवसांची ठणक जादू केल्यागत उतरली. आसारामला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

मागं डॉक्टरीण बजरंगशी बोलत होती. आसारामला शब्द ऐकू येत होते, पण अर्धे इंग्रजी, आणि त्याचं चित्त सगळं त्या उतरलेल्या ठणकीत. बाहेरून कुणी तरी पळत आलं. कोरोनाच्या खोलीत एकाचा श्वास लागला होता. डॉक्टरीण जाता जाता बजरंगला म्हणाली, "मामा, पाव्हण्यांना नीट समजावून सांगा." एवढं त्याला स्वच्छ ऐकू आलं.

बजरंगनं जखमेत जाळीच्या कापडाची वात भरली, पट्टी लावली आणि त्याला उठवलं.

"काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?" आसारामनं विचारलं.

"काय म्हणणार? समदी घाण निघाली. रोज कोमट पाण्याच्या टोपात बसायचं, पट्टी मी करीन. झालं."

"परत यायचं न्हाई ना?"

"पाव्हणं, आजपर्यंत हजार गळवं फोडली. एक तरी परत आलंय का माझ्याकडं?"

खरंच, एकही आलं नव्हतं. आसारामनं ते वाक्य घरी नेलं, आणि मंगललाही तेच सांगितलं.

पंधरा दिवसांत जखम भरली. रोज संध्याकाळी बजरंग सायकलवर यायचा, पट्टी बदलायचा, चहा प्यायचा. सून कशी नांदते ते सांगायचा. "पोरीचा हात आमच्या बायकोपेक्षा चांगला हाय, पण ह्यातलं घरी सांगू नगा," असं म्हणायचा. आसाराम पालथा पडून हसायचा. इतक्या जवळचा माणूस आपल्या इतक्या लाजेच्या जागेची सेवा करतो, ह्याचं त्याला फार मोल वाटायचं. देवळातल्या लोकांत त्यानं एकदा बोलून दाखवलं की व्याही असावा तर असा.

पुढच्या सालच्या मार्गशीर्षात, ऐन हंगामात, त्याच जागी पुन्हा गाठ आली.

डॉक्टर आफ्रीन तोवर गेली होती. तिच्या जागी आलेला डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा. बजरंगनं दुपारी घरीच, बाजेवर, पातं काढून जुना वण उघडला. पुन्हा तसाच पू, पुन्हा तसंच सुख.

"पुन्हा कावून भरलं?" आसारामनं विचारलं.

बजरंग पातं पुसत होता. पुसून झालेलं पातं त्यानं पुन्हा पुसलं. एवढ्याशा गोष्टीचा आसारामला तेव्हा काही अर्थ लागला नाही.

"उष्णता," बजरंग म्हणाला. "दिवसभर इंजनावर बसता. वांगं बंद करा, तिखट बंद करा. बसायला काही तरी मऊ घ्या."

आसारामनं वांगं सोडलं. तिखट सोडलं. ट्रॅक्टरच्या सीटवर स्कूटरची हवा भरलेली ट्यूब टाकून तिच्यावर बसायला लागला. कारखान्याच्या दारात गाड्यांची रांग लागली की ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारायचे. सिदू नावाचा एक होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "आसारामभाऊ, अंडी उबवायला बसलाव का काय बे? पिल्लं निघाली की एक मला द्या." सगळे हसले. आसारामही हसला. पण त्या दिवसापासून तो रांगेत खाली उतरेनासा झाला.

ह्या खेपेला जखम पुरती भरलीच नाही. वणाच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढा लाल कोंब राहिला, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून रोज थोडं थोडं पाझरायचं. कधी पिवळं, कधी लालसर, आणि वास ओळखू येण्याजोगा. आठ दिवस बंद व्हायचं. आसारामला वाटायचं, सुटलो. मग आत ठणकायला लागायचं, फुगायचं, आणि एक दिवस आपोआप फुटून पुन्हा वाहायचं. बोटानं दाबलं तर कातडीखाली वाटेच्या दिशेनं जाणारी सुतळीसारखी कडक दोरी लागायची. त्यानं ती बजरंगला दाखवली.

"शिर हाय ती," बजरंग म्हणाला.

मंगल जुनं धोतर फाडून घड्या करून द्यायची. दिवसाला तीन. त्या ती वेगळ्या बादलीत धुवायची आणि मागच्या अंगाला, गोठ्याच्या आडोशाला वाळत घालायची. आसाराम लग्नाच्या पंगतीत बसेना. भजनाला बसेना. उभ्या उभ्या राम राम करून निघायचा. लोकांना वाटलं, पोरगी चांगल्या घरी पडली तसा ह्याला ताठा आला. मंगलला वाटलं, ह्याचं आपल्यावरचं मन उडालं, कारण तो बाज ओसरीत टाकून एकटा निजायला लागला. एकदा ती म्हणाली, "मी घड्या धुते त्या नाक दाबून धुते असं वाटतं का तुमास्नी?" तो कूस बदलून पडला. त्याला एवढंच पाहिजे होतं की एक दिवस कोरडं उठावं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

दीपमालाला मुलगी झाली. बारशाला आसाराम गेला नाही. घरात बायका, पोरंसोरं, सतरंजीवर खेटून बसायचं, आणि नात मांडीवर द्यायची. मांडीवर घेतलेल्या लेकराला आपला वास लागेल, हे त्याच्या मनातून जाईना. लेकीनं फोन केला. "आण्णा, माझ्या सासऱ्यानं काय केलं का तुमाला?" त्यानं सांगितलं, ट्रॅक्टर बिघडलाय. पोरगी फोनवर गप्प राहिली, आणि तिचं ते गप्प राहणं त्याला महिनाभर पुरलं.

बजरंग तरी येतच होता. पट्टी करायचा, मलम लावायचा. गप्पा मात्र कमी झाल्या होत्या. आसारामनं दोनदा म्हटलं की मोठ्या दवाखान्यात दाखवू का. दोन्ही खेपेला बजरंग म्हणाला, "तिथं कापाकापी करतेत. मी हाय ना."

मी हाय ना. ह्या तीन शब्दांवर आसारामनं आणखी दोन वर्षं काढली.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर तिसऱ्यांदा गळू आलं, आणि ह्या वेळी पहिल्यापेक्षा मोठं. ताप चढला, लघवी अडायला लागली. बजरंगला निरोप गेला. तो म्हणाला, अजून पिकलं नाही, दोन दिवस थांबा. मंगल ते ऐकून आत गेली, लुगडं बदललं, पिशवीत चार घड्या आणि आधार कार्ड टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "उठा. एश्टीत उभ्यानं चला न्हाईतर आडवं पडून चला. अंबाजोगाईला जायचं."

"पाव्हण्यांना विचारून—"

"तुमचं गळू हाय का पाव्हण्यांचं?"

तो उठला. एस. टी. त तो सीटच्या पाठीला धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, जागा आहे की बाबा, बसा. मंगल म्हणाली, त्यांचा नवस आहे. एवढ्या कळेतही आसारामला तिच्याकडं बघून हसू आलं.

मोठ्या दवाखान्यात त्याला रातोरात भरती केलं. कमरेत सुई देऊन गळू फोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा घोळका राउंडला आला. त्यात एक जण थांबली. तिनं केसपेपर पाहिला, त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"आसाराम आण्णा? बजरंगमामांचे व्याही ना तुम्ही?"

ती डॉक्टर आफ्रीन होती. गावचं वर्ष भरून ती पुढं शिकायला इथं आली होती, आता सर्जनकीच्या शेवटच्या वर्षाला होती.

"तुम्ही इतक्या उशिरा का आलात?" तिनं विचारलं. "मी तर तेव्हाच चिठ्ठी दिली होती."

"कसली चिठ्ठी, ताई?"

आफ्रीननं केसपेपर खाली ठेवला. घोळका पुढच्या बाजेला गेला, ती तिथंच राहिली. "पहिल्या वेळी गळू फोडलं ना मी. इथं दाखवायची चिठ्ठी लिहिली होती. जखम भरली तरी दीड महिन्यानं जायचं, असं मामांना दोनदा सांगितलं. चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली."

 मंगल बाजेच्या पायथ्याला उभी होती. तिनं त्याच्या पायाशी सरकलेली चादर वर ओढून दिली.

दुपारी आफ्रीन पुन्हा आली. ह्या वेळी तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या डोक्याशी बसली. एका कागदावर तिनं पेन्सिलीनं वाट काढली, तिच्या दोन्ही बाजूंना स्नायूंची दोन दोन कडी.

"हे बघा आण्णा. बाहेरच्या कडेपासून आत दीड-दोन बोटं गेलं की वाटेच्या भोवती बारीक खळगे असतात. त्या खळग्यांत बारक्या ग्रंथींची तोंडं उघडतात. सगळ्या माणसांना असतात, सहा असतील, दहा असतील. ग्रंथी असते ह्या दोन कड्यांच्या मधे. तिचं तोंड तुंबलं की आत पू होतो. तिथं कोंडलेला पू वाट शोधत खाली उतरतो आणि कातडीखाली येऊन साठतो. ते तुमचं गळू. आम्ही गळू फोडतो म्हणजे बाहेरची खोली रिकामी करतो. ते करायलाच लागतं, नाही केलं तर माणूस जाईल. पण ग्रंथीचं आतलं तोंड तसंच राहिलं, तर विष्ठेतले जंतू तिथून आत जात राहतात. मग आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत नळीच तयार होते. ह्यालाच भगंदर म्हणतात. बाहेरचं तोंड बंद झालं की भरतं, भरलं की फुटतं."

आसाराम कागदाकडं बघत राहिला. "म्हणजे पाटाच्या बांधाला उंदराचं बीळ पडतं तसं," तो म्हणाला. "रानातल्या तोंडाला किती बी चिखल थापा. वरचं तोंड पाटात हाय तवर पाणी येणारच."

"अगदी तसंच."

"आन् ते वांगं? आन् ट्रॅक्टरची सीट?"

"त्यानं हे होत नाही."

त्यानं दोन वर्षं वांगं खाल्लं नव्हतं.

"समद्यांचंच असं होतं का?" मंगलनं विचारलं.

"नाही. बऱ्याच जणांचं फोडल्यावर कायमचं बरं होतं. पण तिघांत एकाचं, कधी दोघांत एकाचं, असं होतं. फोडतानाच कुणाचं होणार ते सांगता येत नाही. म्हणून नंतर तपासायचं."

"बजरंग म्हणायचा, माझ्याकडं एकबी परत आला न्हाई," आसाराम म्हणाला.

आफ्रीननं पेन्सिल कागदावर ठेवली. "ज्याचं परत भरतं, तो त्याच माणसाकडं परत जात नाही, आण्णा. तो दुसरीकडं जातो, नाहीतर लाजून घरी बसतो. मामांना ते दिसणार कसं?" मग खाली बघत म्हणाली, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मामा आहेत, ते सांगतील, असं मीही धरून चालले."

तिनं हे सरळ सांगितलं, आणि आसारामला तिचा राग आला नाही. सगळा राग एका जागी जाऊन साचायला लागला होता.

साखर तपासली, ती ठीक निघाली. मशिनीत आतला फोटो काढला. नळी स्नायूच्या बऱ्याचशा भागातून गेलेली होती. एकदम कापली असती तर विष्ठा आवरायची ताकद गेली असती, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी नळीतून दोरा ओवला आणि बाहेर सैल गाठ मारली. आतल्या मांसाचा तुकडा क्षयाच्या तपासणीला पाठवला, त्यात काही निघालं नाही. दोरा वाट उघडी ठेवणार, पू साचू देणार नाही. मग पंधरा पंधरा दिवसांनी यायचं, दोरा जरा जरा आवळायचा. तो हळू हळू कापत बाहेर येतो आणि मागचं मागं भरत येतं. वेळ लागेल, पण घाई करायची नाही.

गावात आल्यावर दुसऱ्या दिवशी बजरंग आला. सायकल नेहमीच्या जागी लावली. पट्टीची पिशवी हातात होती.

आसाराम ओसरीत कुशीवर पडला होता. त्यानं उठून बसायचा प्रयत्न केला नाही.

"बजरंगराव," तो म्हणाला. "चिठ्ठी कुठं हाय?"

पाव्हणं नाही, बज्या नाही. बजरंगनं पिशवी खाली ठेवली. तो उंबऱ्याजवळच उभा होता.

"फाडली," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिशी."

"कावून?"

"माझ्या चुलत्याला हेच झालतं. मी तवा पोरगा होतो. कुण्या तरी डॉक्टरनं कापलं, आन् त्याच्यानं काही आवरंना झालं. मरस्तोवर धोतर भरायचं त्याचं. चुलतीनं गोठ्यात बाज टाकली व्हती. मी ते बघितलंय, आश्या. तुला तसं होऊ द्यायचं नव्हतं मला."

"मग मला सांगायचं. मी भ्यालो असतो, न्हाईतर गेलो असतो. माझं भ्यायचं ते तू कावून भ्यालास?"

बजरंग उंबऱ्याशी खाली बसला.

"बरं, पहिल्यांदा भ्यालास. दुसऱ्यांदा गळू आलं तवा तर कळालं व्हतं ना तुला? बाजेवर पातं पुसत व्हतास. तवा कळालं व्हतं का न्हाई?"

"कळालं व्हतं."

"आन् ती दोरी बोटाला लागत व्हती, तिला शिर म्हणलास."

"आता काय सांगू," बजरंग म्हणाला. "तवा सांगितलं असतं तर चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं. रोज येत व्हतो, रोज वाटायचं आज सांगू. तू चहा पाजायचास. लोकात माझं नाव घ्यायचास. दिवस गेला की सांगायला अजून अवघड व्हायचं."

आसारामला वाटलं होतं, हा नाही म्हणेल. डॉक्टरणीवर ढकलेल. मग भांडता आलं असतं. पण बजरंगनं सगळं कबूल केलं, आणि भांडायला काही उरलंच नाही. दुश्मनानं मारलं तर माणूस उलट मारतो. रोज येऊन जखम धुणाऱ्या हातानं मारलं तर काय करायचं, हे त्याला साठ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"पट्टी करू का?" बजरंगनं विचारलं.

"मंगल करती."

"तिला जमंल?"

"तिनं घड्या धुतल्या दोन वर्षं. तिला समदं जमतं."

बजरंग पिशवी उचलून गेला. त्या दिवसानंतर आसारामनं त्या घराशी बोलणं टाकलं नाही, कारण पोरगी तिथं होती. दीपमालाच्या फोनवर तो जावयाची चौकशी करायचा, नातीची करायचा. सासऱ्याचं नाव निघालं की फोन मंगलकडं द्यायचा. पोरीला सगळं कळलं होतं. एकदा ती आली आणि म्हणाली, "आण्णा, ते जेवत न्हाईत नीट." आसाराम म्हणाला, "मी बी जेवत नव्हतो." पोरगी रडली. त्याला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

पंधरा दिवसांतून एकदा अंबाजोगाई. दोरा आवळला की दोन दिवस कळ यायची, मग उतरायची. रोज दोन वेळा कोमट पाण्याच्या टोपात बसणं. आफ्रीन तपासताना आता बजरंगला नाही, त्याला सांगायची, सगळं, कागदावर काढून. घड्या दिवसाला तीनच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. माघ संपता संपता दोरा सुटून हातात आला. उरलेली जखम तळातून वर भरत आली. होळीच्या आधी चार दिवस आसाराम सकाळी उठला आणि घडी कोरडी होती. दुसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी त्यानं मंगलला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मला आठ दिवसांपासून ठावं हाय. धुते कोण?" आणि बाज तिनंच ओसरीतून आत ओढली.

गुढी पाडव्यानंतर एका दुपारी बजरंग पुन्हा आला. सायकल दारात लावली नाही, रस्त्यावरच टेकवली. तो वाळला होता. मंगलनं त्याला पाणी दिलं. तो ओसरीच्या काठावर बसला, आणि आसारामकडं न बघता बोलायला लागला.

त्यानं दवाखान्याची जुनी रजिस्टरं काढली होती. आपल्या हातानं ह्या जागेची गळवं फोडलेली माणसं त्यानं शोधली. दूरची सोडून दिली. सायकलवर जाता येईल अशा गावांतली अकरा सापडली. तो प्रत्येकाच्या दारात गेला. "सहा जण बरे हायेत," तो म्हणाला. "पाच जण अजून भिजतेत. एक तर नऊ वर्षं झाली. चौसाळ्याच्या पुढची एक बाई हाय, वत्सलाबाई, तिनं घरात कुणालाच सांगितलं न्हाई. पाचांना बी अंबाजोगाईचा पत्ता दिला. आतल्या तोंडाचं समदं समजावून सांगितलं. दोघं जाऊन आले."

आसाराम ऐकत होता. त्याच्या मनात एक क्षण काही तरी सैल झालं. आणि लगेच दुसरा विचार आला, आणि तो गेला नाही. अकरा परक्यांच्या दारात जाऊन ह्यानं हे सांगितलं. उन्हात, सायकलवर, लाज सोडून. त्यांच्यातल्या एकाची तरी चिठ्ठी ह्याच्या हातात होती का? नव्हती. ह्याला तेव्हा माहीतच नव्हतं. माहीत असून ह्यानं ज्याला सांगितलं नाही असा माणूस एकच, आणि तो सायकलनं नाही, पायानं पाच मिनिटांवर राहत होता.

"चांगलं केलंव," आसाराम म्हणाला.

बजरंग वाट बघत राहिला. आणखी काही येईल असं त्याला वाटलं असावं. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याचा आवाज येत होता.

"मग मी जाऊ?" बजरंगनं विचारलं.

"जावा."

तो उठला, तांब्या मंगलच्या हातात दिला आणि गेला. मंगल दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. "एवढं म्हणायचं होतं की बसा म्हणून," ती म्हणाली.

"तोंडात आलतं," आसाराम म्हणाला. "निघालं न्हाई."

त्यानंतर बारा दिवसांनी, दोन हजार पंचवीसच्या एप्रिल महिन्याच्या सतरा तारखेला, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत हृदय बंद पडून बजरंग वारला. वय एकसष्ट. नोकरी संपल्यावरही तो तिथं रोज जात होता.